लिपस्टिकच्या डागावर आधी पाणी टाकू नका हो!

आज दुपारी धरमपेठेत लग्नाला गेले होते. वॉशरूममध्ये आमच्या शेजारची पोरगी रडवेली उभी. क्रीम रंगाच्या सुती दुपट्ट्यावर कोणाच्या तरी ओठांचा लाल ठसा, अन् एक काकू तो नळाखाली धरून हँडवॉशनं खसाखसा घासताहेत! बोटभर डाग डोळ्यांदेखत तळहाताएवढा गुलाबी झाला. थांबवलं तर म्हणतात, "पाण्यानं सारं निघते जी."

नाही निघत! लिपस्टिक म्हणजे मेण, तेल अन् रंग. नुसतं पाणी मेणातेलाला धरत नाही, घासलं की रंग पसरतो. गरम पाणी तर त्याहून वाईट, मेण वितळून धाग्यात शिरतं. मला हे कसं माहीत? ताईचा मोतिया चंदेरी दुपट्टा मी असाच घालवला. आधी गरम पाणी, वरून इस्त्री. तो तपकिरी गुलाबी डाग आजही तिथंच आहे.

म्हणून पोरीचा दुपट्टा घरी आणला. आधी पंख्याखाली वाळू दिला. काठाच्या आतल्या बाजूला मेडिकलवाल्या स्पिरिटचा थेंब टाकून पाहिला, कापडाचा रंग सुटला नाही. मग डाग खाली करून जुन्या पांढऱ्या सुती फडक्यावर ठेवला अन् उलट्या बाजूनं स्पिरिटचा कापूस टिपत गेले, कडेकडून मध्याकडे. घासायचं नाही, टिपायचं! रंग खालच्या फडक्यात उतरतो, म्हणून फडक्याची कोरी जागा दर वेळी खाली घ्यायची, नाहीतर तोच रंग परत वर चढतो. नंतर भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, दहा मिनिटं, थंड पाणी. ओल्या कापडावर डाग दिसत नाही, म्हणून सावलीत वाळवून पाहिलं. मूळ ठसा गेला. पण काकूंनी पसरवलेली गुलाबी कड उरली, तिला परत तेच सगळं करावं लागलं. उगाच दुप्पट काम!

कॉलरवरच्या फाउंडेशनलाही आधी कोरड्या कापडावरच भांड्याचं लिक्विड. काजळ मात्र हट्टी. त्यातली काजळी कशातच विरघळत नाही, तेल सुटलं की टिपून उचलायची, घासलं की संपलं. ब्लाउजच्या बाहीवर डोळे पुसणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

बरं, जरीच्या अन् रेशमी कपड्याला ड्रायक्लीनवाल्याकडेच द्या, मान्य. पण डाग कशाचा आहे ते त्याला सांगा, अन् घरी आधी पाणी लावू नका.

त्या काकूंवर मी जरा जोरातच बोलले. त्यांनाही पोरीची काळजीच होती, एवढं कळते मला. पण ताई आठवली ना. मला एक शब्द बोलली नव्हती ती. अजूनही सणाला तोच दुपट्टा घेते, डागाचा कोपरा आत दुमडून पिन लावते.

पोरगी आत्ता येऊन दुपट्टा घेऊन गेली. इस्त्री उद्या करायला सांगितली, उजेडात एकदा नीट पाहून.