‘तातडीची शस्त्रक्रिया’ असं लिहू नका

रजेच्या अर्जात लोक एक ठरावीक खोटं लिहितात, आणि त्याची काहीच गरज नसते. ऑपरेशन आधीपासून ठरलेलं असतं, दाखल व्हायची तारीख मात्र दोन-चार दिवस आधी कळते. आता साहेबांना इतक्या उशिरा कसं सांगायचं, या धास्तीपोटी अर्जात येतं : ‘तातडीने शस्त्रक्रिया करावी लागत असल्याने...’

आस्थापनेच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे असे अर्ज खूप वाचलेत. एरवी सरळ असलेली माणसंही हे लिहितात. पुढे हजर होताना तेच डिस्चार्ज कार्ड जोडतात. त्यावर शस्त्रक्रिया ‘नियोजित’ असल्याचं छापलेलं असतं, तपासण्यांच्या रिपोर्टांवर मागच्या तारखा असतात, आणि ओपीडीचा पहिला कागद तर दोन महिने जुना. म्हणजे आजार खरा, ऑपरेशन खरं, उशिरा कळलं हेही खरं, आणि अर्जातलं एकच वाक्य खोटं. शंका घेणारा माणूस नेमकं तेच वाक्य धरतो.

आमच्याच एका सहकाऱ्याची गोष्ट सांगते, कारण त्यात सगळं आलं. पित्ताशयात खडे. एप्रिलमध्ये जोराचं दुखलं, सूज होती. सर्जननी सांगितलं की आधी सूज उतरू दे, साधारण सहा आठवड्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढू. २४ एप्रिलला हे ठरलं आणि नाव यादीत गेलं. ६ जूनला भूलतज्ज्ञांची तपासणी होऊन ‘फिट’ असा शेरा मिळाला. तारीख तरीही नाही. मग गुरुवारी, १२ जूनला दुपारी फोन : सोमवारी दाखल व्हा, मंगळवारी ऑपरेशन. मध्ये कामाचा एकच दिवस, शुक्रवार.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. दीड महिना होता, मग आधी सांगायला काय झालं होतं? त्यामागचं कारण समजून घेतलं तर अर्जातलं वाक्य आपोआप नीट येतं. सर्जनचे ऑपरेशनचे वार बहुतेक ठिकाणी ठरलेले असतात. त्या दिवशी थिएटरचे अमुक इतके तास, त्यात भूलतज्ज्ञ हवा, नर्सिंगची माणसं हवीत आणि ऑपरेशननंतर रुग्णाला ठेवायला खाट हवी. यातली खाट सर्वांत बेभरवशाची. कोण कधी घरी जाणार हे आठवडाभर आधी कुणालाच ठाऊक नसतं. त्यात अपघाताचा किंवा अपेंडिक्स फुटलेला रुग्ण आला की तो आधी जातो आणि थांबू शकणारे मागे सरकतात. म्हणून नियोजित शस्त्रक्रियांची यादी अनेक ठिकाणी आदल्या आठवड्याच्या शेवटी पक्की होते. वर आणखी एक गंमत. यादीतल्या कुणाला ताप येतो, कुणाची साखर अचानक वाढलेली निघते, आणि त्याची जागा रिकामी होते. ती जागा ज्याच्या तपासण्या पूर्ण आहेत त्यालाच देता येते. आमच्या सहकाऱ्याला आलेला फोन असाच होता.

त्यानं त्याच संध्याकाळी अर्ज आणून दिला. ‘तातडीने’, दोनदा ‘क्षमस्व’, एकदा ‘नाइलाजाने’. मी परत केला. तो म्हणाला, “मॅडम, नियोजित लिहिलं तर साहेब विचारणार, मग आधी का नाही सांगितलं?” विचारू देत ना! त्या प्रश्नाचं उत्तर अर्जातच द्यायचं. दोन तारखा वेगळ्या करायच्या : ऑपरेशन करायचं हे कधी ठरलं, आणि दाखल व्हायची तारीख कधी मिळाली. लोक पहिली लपवतात, आणि ती लपवली की दुसरीवरचाही विश्वास जातो.

शेवटी अर्ज असा झाला :

विषय : १६ ते २९ जून वैद्यकीय रजेबाबत

महोदय,
माझी नियोजित शस्त्रक्रिया असून त्यासाठी मला सोमवार, १६ जून रोजी रुग्णालयात दाखल व्हायचे आहे. शस्त्रक्रिया करावी लागेल हे २४ एप्रिल रोजी ठरले होते; मात्र तेव्हा तारीख मिळाली नव्हती व माझे नाव प्रतीक्षा यादीत होते. दाखल होण्याची तारीख रुग्णालयाने आज, १२ जून रोजी दुपारी फोनवरून कळवली. यादीतील एक शस्त्रक्रिया पुढे गेल्याने ही जागा उपलब्ध झाली आहे. ही तारीख न घेतल्यास पुढची कधी मिळेल हे रुग्णालयाला आज सांगता येत नाही. त्यामुळे पूर्वसूचनेचा अवधी कमी आहे.
डॉक्टरांच्या अंदाजानुसार विश्रांतीसह दोन आठवडे लागतील. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेल्यास त्याच दिवशी कळवीन. हातातल्या कामांची यादी व ती कोणाकडे सोपवत आहे याचा तपशील सोबत जोडला आहे. रुग्णालयाची दाखल होण्याची चिठ्ठी उद्या सादर करीन.

बस. यात आजाराचं नावसुद्धा नाही. रजा मंजूर करणाऱ्याला कुठून कुठपर्यंत आणि का एवढंच लागतं, पित्ताशय होतं की हर्निया याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कुठे नियमानेच निदान मागत असतील तर ते वैद्यकीय प्रमाणपत्रात जाईल, चार टेबलांवरून फिरणाऱ्या अर्जात कशाला?

‘आज, १२ जून रोजी दुपारी’ हे शब्द मी मुद्दाम घालायला लावले. सगळा अर्ज त्यांच्यावर उभा आहे. ‘नुकतीच तारीख मिळाली’ असं मोघम लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात ‘नुकतीच’ म्हणजे कधी, हा प्रश्न उरतो. कळल्याचा दिवस आणि अर्जाचा दिवस एकच असला की तो प्रश्नच पडत नाही. गुरुवारी कळलं आणि घरी बोलू, विचार करू म्हणत शनिवारी अर्ज टाकला, तर पहिले दोन दिवस तुम्ही गमावलेत, रुग्णालयानं नव्हे. मग कारण कितीही खरं असलं तरी लंगडं पडतं. आधी साहेबांना फोन करा, जरूर करा, पण त्याच दिवशी लेखीही द्या. फोनवरचं ‘हो हो, काळजी घ्या’ महिन्याभरानं कुणालाच आठवत नसतं.

चिठ्ठीचंही तसंच. दाखल व्हायच्या चिठ्ठीवर नाव, नोंदणी क्रमांक, विभाग आणि दाखल व्हायची तारीख असते, आणि बहुतेक वेळा कोपऱ्यात बारीक अक्षरात एक दुसरी तारीख असते : चिठ्ठी कधी तयार केली ती. सगळे वरची मोठी तारीख दाखवतात. उशिरा कळल्याचा पुरावा मात्र त्या कोपऱ्यात असतो. फोटो काढून पाठवताना नेमका तोच कोपरा कापला गेलेला मी पाहिलाय. निदानाची ओळ झाकायची तर झाका, विभागाच्या नावावरून आजार कळत असेल तर तेही झाका, पण ती तारीख राहू द्या. तारीख नुसती फोनवर सांगितली असेल तर रुग्णालयाला मेसेज करायला सांगा किंवा दुसऱ्या दिवशी जाऊन चिठ्ठी घ्या. फोन आल्याची नोंद तुमच्या मोबाईलमध्ये असते खरी, पण त्यात काय बोलणं झालं हे कुठे असतं?

आता ‘ही तारीख न घेतल्यास’ या वाक्याबद्दल. हे फक्त खरं असेल तरच लिहायचं. आमच्या सहकाऱ्यानं माझ्या सांगण्यावरून फोन करून विचारलं, आणि तिकडून उत्तर आलं की पुढची तारीख आत्ता सांगता येणार नाही. शिवाय भूलतज्ज्ञांचा ‘फिट’ शेरा कायमचा नसतो. बरेच दिवस गेले की काही तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. ते उत्तर जसंच्या तसं अर्जात गेलं. पण रुग्णालयानं दोन-तीन तारखा पुढे ठेवल्या आणि तुम्ही अलीकडची निवडली, तर ‘पर्याय नव्हता’ असं लिहू नका. निवडली असेल तर का निवडली ते लिहा. दुखणं परत उठण्याची भीती हेही पुरेसं कारण आहे, आणि डॉक्टरांना विचारलं तर ते प्रमाणपत्रात तसं लिहून देतात.

क्षमा मागण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. आजारी पडल्याबद्दल क्षमा कसली? दोनदा ‘क्षमस्व’ लिहिलं की चूक तुमचीच होती असं वाचणाऱ्यालाही वाटायला लागतं. त्या जागी कामांची यादी द्या. सहकाऱ्यानं अर्ध्या पानात लिहून दिलं होतं : अमुक फाईल कुठवर आली आहे, पुढचं पाऊल काय, कोण बघेल, आणि २० तारखेला एक विवरणपत्र जायचं आहे ते तयार करून कुठे ठेवलं आहे. साहेबांनी अर्ज वरवर चाळला आणि ती यादी मात्र दोनदा वाचली. त्यांची अडचण तिथं होती. उशिरा कळल्याचा राग खरं तर ‘आता हे कोण करणार’ याचाच असतो.

अर्थात हे सगळं एप्रिलमध्येच सोपं करता आलं असतं. नाव यादीत गेलं त्याच आठवड्यात दोन ओळी : ‘माझी शस्त्रक्रिया ठरली आहे, तारीख मिळालेली नाही, ती दोन-चार दिवस आधीच कळेल असे रुग्णालयाने सांगितले आहे.’ ही रजेची मागणी नव्हे, नुसती माहिती. काही लोक हे सांगत नाहीत, कारण मग महत्त्वाचं काम दुसऱ्याला जाईल, बढतीच्या तोंडावर ‘आजारी माणूस’ असा शिक्का बसेल. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, मी असे शिक्के बसताना पाहिलेत. ज्याचं त्यानं ठरवावं. पण आधी सांगितलं नसेल तरी २४ एप्रिल अर्जात यायलाच हवी.

रजेच्या तारखांबद्दलही थोडं. काही जण फक्त ऑपरेशनच्या दिवसाची आणि पुढच्या दोन दिवसांची रजा टाकतात, उगाच जास्त मागितली असं वाटू नये म्हणून. मग रोज फोन : अजून दोन दिवस, अजून दोन दिवस. दुर्बिणीतून पित्ताशय काढलं तर बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात, पण बैठ्या कामावर यायलासुद्धा साधारण एक ते दोन आठवडे जातात, आणि जड उचलायला त्यानंतरही मनाई असते. पोट उघडून करावं लागलं तर मुक्काम आणखी वाढतो, आणि ते आत गेल्यावरच कळतं. म्हणून डॉक्टरांना दाखल होण्यापूर्वीच विचारायचं आणि ‘डॉक्टरांच्या अंदाजानुसार’ असं लिहायचं. वाढवावी लागली तर त्या शब्दाच्या आधारानं वाढवता येते.

‘पुढे ढकलली गेल्यास त्याच दिवशी कळवीन’ हे वाक्यही शोभेचं नव्हतं. दाखल झाल्यावर, अगदी उपाशी ठेवून ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा रद्द होतं. आधीचं ऑपरेशन लांबलं किंवा रात्री ताप भरला की झालं. आमच्या सहकाऱ्याचं मंगळवारचं बुधवारवर गेलं. त्यानं मंगळवारी संध्याकाळी खाटेवरूनच एक ओळ पाठवली : ‘शस्त्रक्रिया आज झाली नाही, उद्या सकाळी आहे, रजेचा शेवटचा दिवस तूर्त तोच.’ ती ओळ मी छापून अर्जाला टाचली. तो ३० जूनला फिटनेस सर्टिफिकेट घेऊन हजर झाला, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेची तारीख १८ होती आणि फाईलमध्येही १८ च होती. कुणी काही विचारलं नाही.