बोर्डाला पुरावा नको असतो, हे कुणी ठरवलं?

"प्रकल्पाचं ऑडिट बोर्डासमोर मांडताय? हे पाच नियम पाळा. १) फक्त एक स्लाइड, लाल-पिवळा-हिरवा. २) पुरावे दाखवत बसू नका, बोर्ड तुमचा आत्मविश्वास बघतं. ३) आक्षेप रकमेनुसार लावा, मोठी रक्कम वर. ४) सुरुवात कौतुकाने करा, कटू गोष्ट शेवटी. ५) उपाय सुचवणं ऑडिटरचं काम नाही, 'नियंत्रण बळकट करावे' एवढं पुरे."

हा मेसेज माझ्या भाचीने पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, पुढच्या आठवड्यात मला पहिल्यांदाच संचालक मंडळासमोर उभं राहायचंय. असंच करू ना?" नाही गं बाई, असं मुळीच करू नकोस. अंतर्गत लेखापरीक्षणात माझं आयुष्य गेलं. ज्या मुलांनी अजून एकही बोर्ड मीटिंग पाहिलेली नाही त्यांच्या हातात हे पडतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

दुसऱ्या नियमापासून सुरू करते, कारण घातक तो आहे.

वरिष्ठांपुढे पुरावा दडपला की काय होतं, याची नोंद नासाच्या कोलंबिया अंतराळयानाच्या अपघाताच्या चौकशी अहवालात आहे. १६ जानेवारी २००३ ला उड्डाण होताना बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधला आणि तो स्लाइडवर मांडला. एका स्लाइडच्या मथळ्याचा आशय असा होता, की चाचण्यांची माहिती पाहता यानाला उष्णतेपासून वाचवणारी टाइल भेदली जाण्याचा अंदाज सावधपणेच बांधलेला आहे. वाचणाऱ्याला वाटावं, काळजीचं कारण नाही. त्याच स्लाइडच्या तळाशी, सगळ्यात आतल्या पायरीवरच्या बारीक ओळीत खरी गोष्ट होती: चाचणीतला तुकडा ३ घन इंचाचा होता आणि इथला अंदाजे १९२० घन इंचाचा. म्हणजे ६४० पट. एवढ्या मोठ्या तुकड्याची चाचणी झालेलीच नव्हती, त्यामुळे वरच्या मथळ्याला काही आधारच उरत नव्हता.

२४ जानेवारीला मोहिमेच्या व्यवस्थापन मंडळापुढे तर या मांडणीचा फक्त तोंडी सारांश गेला, तोही अभियंत्यांचा नव्हे, मधल्या अधिकाऱ्याचा. प्रत्येक पायरीवर शंका गळत गेली आणि निष्कर्ष तेवढा वर पोहोचला. १ फेब्रुवारीला यान परतताना तुटलं आणि कल्पना चावलांसह सातही जण गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या अहवालाने या स्लाइडची चिरफाड केली आहे. ती वाचणाऱ्या वरिष्ठाच्या लक्षातही येणार नाही की इथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, अशा आशयाचं वाक्य त्यात आहे. अपघात एका स्लाइडमुळे झाला असं अहवाल म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पंखाची छायाचित्रं मिळवण्याच्या मागण्या पुढे गेल्या नाहीत, नासातली कामाची पद्धतच बिघडलेली होती, हे सगळं त्यात आहे. पण "बोर्ड आत्मविश्वास बघतं" असं बिनधास्त लिहिणाऱ्याने तेवढं एक पान वाचावं. ती स्लाइड आत्मविश्वासाने भरलेली होती.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण प्रकार कुठल्याही प्रकल्पात सापडेल. एका सहकारी साखर कारखान्याच्या आसवनीच्या विस्ताराचं कंत्राट ४० कोटींचं आहे. कंत्राटदाराला १० टक्के, म्हणजे ४ कोटी आगाऊ दिले आणि तेवढ्याच रकमेची बँक हमी घेतली, म्हणजे कंत्राटदाराने पैसे बुडवले तर ते बँकेकडून मागता येतात. आगाऊ रक्कम प्रत्येक चालू बिलातून १० टक्क्यांनी वळती होते. आतापर्यंत ११ कोटींची बिलं झाली, म्हणजे १ कोटी १० लाख वसूल झाले आणि २ कोटी ९० लाख अजून कंत्राटदाराकडेच आहेत. काम फेब्रुवारीत संपायचं होतं, आता ऑक्टोबर म्हणतात. हमीची मुदत मात्र जुन्याच वेळापत्रकाप्रमाणे ३१ मार्चला संपते आणि वाढवून कुणीच घेतलेली नाही. बोर्डाची बैठक आहे २० फेब्रुवारीला.

त्याच ऑडिटमध्ये आणखी दोन गोष्टी निघाल्या. भाववाढीच्या कलमाचा हिशेब चुकल्याने ६२ लाख जादा दिले गेले, कंत्राटदाराला ते मान्य आहे आणि पुढच्या बिलातून कापून घेता येतील. शिवाय साइटवरच्या नोंदवह्यांवर बऱ्याच ठिकाणी सह्या नाहीत.

तिसऱ्या नियमाप्रमाणे लावलं तर ६२ लाख सगळ्यात वर जातात. हमीचा मुद्दा यादीत येतच नाही, कारण आजच्या तारखेला नुकसान शून्य आहे! तीव्रता ठरवताना झालेलं नुकसान मोजून थांबायचं नसतं. दुरुस्ती नाही केली तर काय होईल, किती लवकर होईल आणि झाल्यावर मागे फिरता येईल का, हे बघायचं असतं. ६२ लाख पुढच्या महिन्यातही वसूल होतील. ३१ मार्चनंतर कंत्राटदार काम सोडून गेला तर २ कोटी ९० लाखांसाठी हातात कोर्टकचेरीशिवाय काही राहत नाही. म्हणून हमी पहिली, ६२ लाख दुसरे आणि सह्यांचा मुद्दा परिशिष्टात. याच ऑडिटमध्ये बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या चाचणीचा दाखला सापडला नसता, तर मी तो हमीच्याही वर ठेवला असता. त्याची रक्कम किती लावणार?

हा क्रम बोर्डाने का मानावा? पुराव्यामुळे. हमीच्या मुद्द्याला तीनच कागद लागतात: हमीपत्रातली मुदतीची ओळ, हमी देणाऱ्या बँकेने आपल्याला थेट पाठवलेली खात्री आणि आगाऊ रकमेच्या वसुलीचा तक्ता. मधला कागद टाळू नकोस. कंत्राटदाराने दिलेली हमीपत्राची छायाप्रत म्हणजे पुरावा नव्हे, खोट्या हम्यांची प्रकरणं आपल्याकडे कमी झालेली नाहीत. आणि "प्रकल्प प्रमुख म्हणाले की मुदत वाढवली आहे" हे तर नुसतं सांगणं झालं. ते लिहायचं असेल तर "तोंडी सांगितलं, कागद मिळाला नाही" असंच लिही.

पुराव्याची हद्दही तिथेच लिहायची, मुद्द्याच्या शेजारी. १२ बिलांपैकी ५ तपासली आणि ती मोठी म्हणून निवडली असतील, तर ६२ लाख हा त्या पाच बिलांचा आकडा झाला. उरलेल्या सातांत काय आहे ते आपल्याला माहीत नाही. त्यावरून सगळ्या बिलांचा टक्का काढून बोर्डापुढे ठेवला, की पहिला हुशार संचालक तिथेच पकडतो आणि मग हमीच्या खऱ्या मुद्द्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. ६४० पटीची ओळ तळाशी गेली ती या हद्दीचीच होती. तुझी हद्द मथळ्याच्या लगेच खाली यायला हवी.

पहिल्या नियमात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. विषयपत्रिकेवर वीस-पंचवीस विषय असतात आणि ऑडिटच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटं येतात, तीही चहा येण्याच्या वेळेला. म्हणून पहिलं पान एकच असावं आणि बाकी काही न वाचता ते समजावं, इथवर बरोबर. पण रंग म्हणजे क्रम नव्हे. पाच आक्षेप लाल असले तर आधी कशाला हात घालायचा ते रंग सांगत नाही, आणि प्रत्येक प्रकल्प प्रमुख "हे पिवळं करा ना" म्हणून मागे लागतो ते वेगळंच. पहिल्या पानावर क्रमाने तीन-चार पूर्ण वाक्यं लिही. उदाहरणार्थ: "२ कोटी ९० लाखांच्या आगाऊ रकमेवरची बँक हमी ३१ मार्चला संपते, काम ऑक्टोबरपर्यंत चालणार आहे." पुराव्याचे कागद मागे जोडून बैठकीच्या आधीच पाठव. ज्याला बघायचे तो बघेल.

चौथ्याबद्दल फार लिहीत नाही. कौतुकात पाच मिनिटं गेली, अध्यक्षांना फोन आला आणि हमी राहून गेली, असं व्हायला वेळ लागत नाही. जे चांगलं चाललंय ते अहवालात जरूर लिही, बोलायची सुरुवात पहिल्या आक्षेपाने कर.

पाचव्या नियमाने मात्र मला खरा संताप आला. "नियंत्रण बळकट करावे" हे वाक्य कुठल्याही आक्षेपाखाली चिकटवता येतं, आणि पुढच्या वर्षीच्या दोषदुरुस्ती अहवालात "बळकट केले" असं उत्तर देऊन मोकळं होता येतं. उपाय असा लिही की तो झाला की नाही हे परक्या माणसालाही ठरवता यावं. मुख्य लेखापालांनी २५ फेब्रुवारीपर्यंत कंत्राटदाराकडे लेखी मागणी करून हमीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवून घ्यावी. १५ मार्चपर्यंत वाढ आली नाही तर "मुदत वाढवा अथवा रक्कम द्या" अशी मागणी हमीपत्राच्या शब्दांप्रमाणे बँकेकडे पोहोचवावी आणि पोच घ्यावी. वाढीची खात्री बँकेकडून थेट आली, की आक्षेप बंद.

एवढ्याने फक्त ही एक हमी वाचते. कारणही शोधावं लागतं. बहुतेक ठिकाणी खरेदी विभागाला वाटतं हम्या लेखा विभाग बघतो, लेखा विभागाला वाटतं प्रकल्प विभाग बघतो, आणि मूळ हमीपत्र तिजोरीत पडून राहतं. म्हणून दुसरा उपाय: सगळ्या हम्यांची एकच नोंदवही, एका नावावर, आणि मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी त्या माणसाचं लेखी टिपण.

हे सगळं बैठकीआधी प्रकल्प प्रमुखांना दाखव. तारखा आणि रकमा त्यांच्याकडून मान्य करून घे, म्हणजे बोर्डापुढे आकड्यांवर वाद होत नाही. तीव्रतेवर मतभेद राहिला तर त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत तुझ्या मुद्द्याखाली छाप, आपला क्रम मात्र बदलू नकोस.

आणि व्यवस्थापन म्हणालं की "कंत्राटदार आपला जुना आहे, हमी वाढवायची गरज नाही," तर गप्प बसून तो मुद्दा काढून टाकायचा नाही. जागतिक अंतर्गत लेखापरीक्षण मानकांमध्ये, जी ९ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत, याच प्रसंगासाठी ११.५ हे स्वतंत्र मानक आहे. व्यवस्थापनाने संस्थेला न पेलणारी जोखीम पत्करली असं वाटलं तर आधी वरिष्ठांशी बोलायचं, सुटलं नाही तर बोर्डापर्यंत न्यायचं. बोर्डानेही नको म्हटलं तर तो त्यांचा अधिकार आहे. मग कुणी, कोणत्या कारणाने आणि कोणत्या तारखेपर्यंत २ कोटी ९० लाख बिनहमीचे ठेवायचं ठरवलं, हे त्याच बैठकीच्या इतिवृत्तात येईल असं सचिवांना सांग, आणि इतिवृत्त कायम होईल तेव्हा ती ओळ स्वतः वाचून बघ.