डुकरं हटवली तरी मेंदूज्वराचं चक्र का थांबत नाही

"जपानी मेंदूज्वर डुकरांमुळे होतो. गावातली डुकरं बाहेर काढा, रोग संपेल. घरातलं साठलेलं पाणी दर आठवड्याला ओतून टाका, रुग्ण सापडला की लगेच धूरफवारणी करून घ्या आणि मुलांना रुग्णाजवळ फिरकू देऊ नका." असा सल्ला नेहमी ऐकू येतो.

डुकराचा यात वाटा आहे, आणि तो मोठा आहे. पण हा विषाणू मूळचा पाणथळीतल्या पक्ष्यांचा: रातबगळे, लहान बगळे, गायबगळे. 1950 च्या दशकात टोकियोच्या आसपास संशोधकांनी डास, बगळे आणि डुकरं एकाच वेळी तपासली, तेव्हा हे चक्र पहिल्यांदा नीट उलगडलं. बगळ्यांमुळे विषाणू टिकतो आणि लांबवर पोचतो. डुकरामुळे तो वाढतो. संसर्ग झालेल्या डुकराच्या रक्तात दोन ते चार दिवस विषाणूचं प्रमाण इतकं असतं की त्याला चावणारे डास सहज बाधित होतात, आणि एवढं होऊनही ते डुक्कर बहुधा आजारी दिसत नाही. त्यानंतर त्याला जन्मभराची प्रतिकारशक्ती मिळते. अडचण अशी की मांसासाठी पाळलेलं डुक्कर बहुधा वर्षभरही जगत नाही. जुनी कत्तलखान्यात जातात, नवी पिल्लं येतात. आईकडून मिळालेलं संरक्षण काही महिन्यांत ओसरतं, म्हणून दर पावसाळ्यात डासांसमोर पुन्हा कोरे प्राणी उभे असतात.

मग डुकरं नसलीच तर? सिंगापूरने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वराहपालन पूर्ण बंद केलं. रुग्ण खूप घटले, ते मान्यच करायला हवं. तरी स्थानिक लागणीच्या तुरळक केसेस पुढेही मिळत राहिल्या, कारण पक्षी आणि डास तिथेच होते. शिवाय सिंगापूरने डुकरं ठेवलीच नाहीत. आपल्याकडे "गावाबाहेर काढा" म्हणजे बहुतेक वेळा भातखाचरांच्या कडेला नेऊन ठेवा. तिथे बगळे दिवसभर चरतात आणि डास तिथेच जन्मतात. हे डास किलोमीटर-दीड किलोमीटर सहज उडतात, म्हणजे डुक्कर वस्तीपासून तुटलं नाहीच, उलट बगळ्याच्या आणखी जवळ गेलं. वस्तीला लागून गोठा असू नये हे बरोबर, पण जागा बदलल्याने रोग संपत नाही.

एक गोष्ट तर उलटीच आहे: डुक्कर आधी इशारा देतं. गाभण मादीला हा संसर्ग झाला की पिल्लं मेलेली, सुकलेली किंवा अर्धवट वाढलेली जन्मतात. ऑस्ट्रेलियात 2022 च्या सुरुवातीला अनेक राज्यांतल्या वराहशाळांमधून अशाच तक्रारी आल्या आणि त्यातूनच विषाणू मुख्य भूमीवर दूर दक्षिणेपर्यंत पोचल्याचं कळलं. पशुवैद्यकाने एका गोठ्यात दोन-तीन माद्यांच्या वेतात असं पाहिलं, तर ती बातमी आरोग्य विभागाकडे त्याच दिवशी गेली पाहिजे.

साठलेल्या पाण्याचा सल्ला डेंग्यूसाठी चांगला आहे. टाकी, टायर, कुंडीखालची ताटली ही डेंग्यूच्या एडिस डासाची जागा. मेंदूज्वराचा मुख्य डास म्हणजे विष्णुई गटातला क्युलेक्स, त्यातही क्युलेक्स ट्रायटेनिओऱ्हिंकस. हा लहान, काळपट तपकिरी, सोंडेच्या मध्यावर फिकट पट्टा असलेला डास भातखाचरात अंडी घालतो. लावणीनंतर दोनेक आठवड्यांनी बांधावर उकिडवं बसून पांढऱ्या डिपरने, म्हणजे लांब दांड्याच्या पळीने, पाणी उचलून बघा. क्युलेक्सच्या अळ्या पृष्ठभागाखाली शेपटाकडच्या श्वासनळीवर तिरप्या लटकलेल्या असतात, डोकं खाली. हिवतापाच्या डासाच्या अळ्या पाण्याला समांतर आडव्या पडलेल्या दिसतात. डिपरवर सावली पडली की सगळ्या एकदम वळवळत तळाशी जातात, म्हणून मोजायला क्षणभर थांबावं लागतं. रोपं लहान, पाणी उघडं आणि उन्हाने कोमट असतं तेव्हा त्यांची गर्दी होते. पुढे पानांची सावली दाटली की संख्या उतरते.

आता हिशोब करून बघू, कारण धूरफवारणीचं उत्तर त्यातच आहे. समजा लावणी 10 जुलैला झाली. चार-पाच दिवसांत अंडी पडली, तर 25 जुलैच्या आसपास डासाची पहिली मादी उडते. तिने दोन दिवसांत बाधित बगळ्याचं रक्त प्यायलं, तरी लगेच ती कुणाला रोग देऊ शकत नाही. विषाणू पोटातून लाळग्रंथीपर्यंत पोचायला उष्ण हवेत दहाएक दिवस लागतात. 7 ऑगस्टला ती डुकराला चावते. 9 ते 12 ऑगस्ट या काळात त्या डुकराच्या रक्तात विषाणू असतो आणि रात्रीतून कितीतरी माद्या त्याच्यावर बसतात. त्यातल्या ज्या जगल्या, त्या 22 ऑगस्टच्या सुमारास संसर्गक्षम होतात. एक मादी मुलाला चावते. ताप यायला 5 ते 15 दिवस, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला मूल झटके आणि बेशुद्धीत दवाखान्यात.

धुराची गाडी येते ती या मुलानंतर. तोवर डासांच्या दोन-तीन पिढ्या होऊन गेलेल्या असतात. धूर त्या तासाला हवेत असलेल्या डासांना मारतो, पण हा डास दिवसा घरात नसतो, बाहेर गवतात, झुडपांत आणि पिकात बसतो. दुसऱ्या संध्याकाळी खाचरातून नवे निघतात. मच्छरदाणीचा उपयोग आहेच, पण हा डास दिवेलागणीपासून चावतो आणि तेव्हा मुलं अंगणात असतात.

खाचराचंच पाणी आलटून-पालटून सोडलं तर? ही कल्पना खरोखर चालते. अळीपासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, मधे चिखल उघडा पडला की अळ्या मरतात. पण शेजारच्या खाचरांत पाणी असेल किंवा बैलाच्या पावलांच्या खड्ड्यांत ते उरलं असेल, तर मेहनत वाया जाते. संपूर्ण शिवाराने एकदम करायला हवं, आणि पाण्यावर आपला ताबा असायला हवा. धो-धो पावसात तो नसतो.

रुग्णाबद्दलच्या भीतीने मला सर्वात वाईट वाटतं. माणसाच्या रक्तात हा विषाणू इतका थोडा आणि इतका थोडा वेळ असतो की त्याला चावून डास बाधित होत नाही. गायी-म्हशींचंही तसंच. साखळी माणसापाशी तुटते. आजारी मुलाजवळ बसल्याने, त्याला भरवल्याने भावंडांना काही होत नाही. आधीच अंग लुळं पडलेल्या मुलाला वाळीत टाकल्यासारखं वागवू नका.

लसीचा भागही यातूनच समजतो. गोवरात बहुतेकांनी लस घेतली की न घेतलेल्यालाही आडोसा मिळतो. इथे तसं नाही, कारण माणूस चक्रातच नाही. गावातल्या नव्याण्णव मुलांना लस असली तरी शंभराव्याला चावणाऱ्या डासाला फरक पडत नाही. गोरखपूर भागातल्या 2005 च्या मोठ्या उद्रेकानंतर भारतात 2006 पासून या लसीच्या मोहिमा सुरू झाल्या. आता बाधित जिल्ह्यांत नियमित लसीकरणात दोन डोस आहेत, पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत. जपानमध्ये कत्तलखान्यातल्या डुकरांचं रक्त दर उन्हाळ्यात तपासतात आणि कित्येक प्रांतांत विषाणू फिरल्याच्या खुणा अजूनही मिळतात. डुकरं आहेत, बगळे आहेत, भात आहे, आणि माणसांतले रुग्ण मात्र बहुतेक वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.