पाव किलो बेदाणा आणि दोन भाव

तीस रुपयांचं काही नाही ओ, पण माझ्याच दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, मला कुणी "तुझी दोन दुकानं हायत व्हय रं?" असं विचारावं हे काही अजून पचत नाहीये.

दुकान सांगलीत, गणपती पेठेच्या जरा आत. हळद, बेदाणा, भडंग. वेबसाइट भाच्यानं करून दिली आणि तो पासवर्डसकट बेंगळुरूला गेला. मग मी व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग टाकला, तो मात्र माझ्याच हातात. बेदाणा महागला तसा कॅटलॉगमधला भाव १२० चा १५० केला. वेबसाइट राहिली १२० वरच.

परवा विश्रामबागच्या एक वहिनी आल्या, त्यांच्या फोनवर वेबसाइट उघडी, मागून आलेल्या मिस्टरांच्या फोनवर कॅटलॉग. आणि आमच्या स्टुलावर रोज फुकट पेपर वाचायला येणारे काका. रिटायर्ड माणूस, त्यात ऐन सकाळी कामधंदा नाही, म्हणजे देवच पावला त्यांना. चष्मा पुसला, दोन्ही फोन काउंटरवर शेजारी शेजारी मांडले, जमिनीच्या मोजणीला आल्यासारखे वाकून बघितले.

"ह्यातला खरा भाव कुठला?"

"कॅटलॉगचा, काका."

"मग ह्यो खोटा?"

"खोटा नाही ओ, जुना आहे."

"मग जुना बेदाणा १२० नं दे की त्यांना."

वहिनी हसल्या, मिस्टर हसले, भडंग घ्यायला आलेला एक पोरगा तर उगाचच हसला. १२० नं दिला. काय करणार.

राग कॅटलॉगवर काढावा तर तो बिचारा सरळ आहे, फक्त हट्टी. एकाच हळदीखाली पाव, अर्धा, एक किलो असं वजन निवडायची सोय मला त्यात सापडली नाही, म्हणून एकाच हळदीच्या तीन वेगवेगळ्या वस्तू टाकल्या, तर लोक विचारतात ह्या तीन जाती आहेत का. वर्णनात मी हौसेनं 'खोकल्यावर औषध' लिहिलं तर तपासणीत ती वस्तू नामंजूर झाली, 'औषध' काढलं तेव्हा चढली. आमची आजी हे ऐकून हसली असती. आणि फोटोखाली ठळक १५० लिहिलेलं असताना खाली मेसेज येतो, "प्राईस?" ह्याच्यावर तर मी बोलतच नाही.

पण मुद्दा आता टळण्यासारखा नव्हता, कारण पाकिटाचे नवे स्टिकर छापायला टाकायचे होते आणि त्यावर क्यूआर मावतो एकच. वेबसाइट की कॅटलॉग? रात्री गल्ला मोजून झाल्यावर वहीत लिहिलं की गेल्या महिन्यात कोण कुठून आलं. ज्यांच्याकडे माझा नंबर सेव्ह आहे ते वेबसाइट कधी उघडतच नाहीत, त्यांना चॅटमध्ये बेदाण्याचं कार्ड टाकलं की पुरतं, तिथूनच कार्टात टाकतात, ऑर्डर मेसेजमध्ये येते. पण पाकीट फिरतं ते वेगळ्याच लोकांत. इथली कुणीतरी मावशी पुण्याला लेकीकडे नेते, लेक शेजारणीला देते, आणि त्या शेजारणीला मी कोण हेच माहीत नसतं. तिला आधी पत्ता, दुकानाचा फोटो, लायसन्स नंबर बघायचा असतो, भाव नंतर. म्हणजे स्टिकरवर वेबसाइट, आणि ओळखीच्यांना कॅटलॉग. हे सुचायला मला तीस रुपये आणि काकांचं तोंड लागलं.

भाव मात्र एकाच जागी ठेवायचा. भाच्याला भडंगचा डबा पाठवून पासवर्ड सोडवला (सख्खा भाचा, तरी डबा), वेबसाइटवरचे सगळे आकडे पुसले आणि प्रत्येक वस्तूखाली 'आजचा भाव' असं बटण टाकलं, ते दाबलं की `wa.me/c/` वाली लिंक, पुढे ९१ लावून माझा नंबर, थेट कॅटलॉग उघडतो. आता भाव नाही म्हणजे महागच असणार असं समजून बटण न दाबताच परत जाणारेही असतील, ते गेले ते मला कळणारही नाही, हे टोचतंय. पण दोन आकडे सांभाळणं माझ्याच्यानं होत नाही, हे आता अख्ख्या पेठेला माहीत आहे.

काल काकांना कौतुकानं नवा स्टिकर दाखवला. त्यांनी तो लांब धरून, जवळ धरून बघितला आणि म्हणाले, "ते असू दे. मागच्या आठवड्यात मी तुझ्याकडनं पाव किलो १५० नं नेलाय. माझे तीस?"

दिले. पेपरही घरी घेऊन गेले.