अकरा सेकंदांत तीन फेऱ्या

माझ्या रेसिंग गेममध्ये नऊ वर्षांच्या भाच्याने तीन फेऱ्यांची शर्यत अकरा सेकंदांत जिंकली. त्या ट्रॅकवर एकच फेरी मारायला मला दीड मिनिट लागतं, आणि ट्रॅक मीच बनवलेला आहे. आधी वाटलं घड्याळ बिघडलंय. मग त्याच्या मागे उभा राहून पाहिलं. गडी शर्यत सुरू होताच रेषा ओलांडतो, ब्रेक मारतो, रिव्हर्स टाकून रेषेच्या अलीकडे येतो, परत पुढे, परत मागे. पहिल्यांदा ओलांडली की पहिली फेरी सुरू, म्हणून चौथ्यांदा रेषा ओलांडली की आतषबाजी! उरलेल्या ट्रॅकवरची झाडं, वळणं, बोगदा, ज्यांच्यावर मी रात्री जागवल्या, ते त्याने पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

शर्यत जिथून सुरू होते आणि जिथे संपते, त्या रेषेवर एक अदृश्य खोका असतो, त्याला ट्रिगर म्हणतात. गाडी त्यात शिरली की फेरी एकने वाढवायची, एवढंच त्याला सांगितलेलं. तो खोका म्हणजे इमारतीचा तो वॉचमन, जो फाटकातून माणूस गेला की वहीत रेघ ओढतो. आत गेला की बाहेर पडला, हे विचारणं त्याच्या पगारात बसत नाही.

मी म्हटलं, दिशा तपासू. गाडीच्या वेगाची दिशा आणि रेषेची पुढची दिशा यांचा डॉट प्रॉडक्ट, म्हणजे दोन दिशा किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढायचा आणि तो धन असेल, म्हणजे गाडी पुढे जात असेल, तरच फेरी मोजायची. गणित चोख. भाच्याने दोन मिनिटं खेळून पाहिलं आणि तक्रार केली, "मामा, गेम स्लो केलास का रे?" आता मागे जाताना फेरी वाढत नव्हती, पण पुन्हा पुढे येताना वाढतच होती. म्हणजे एवढं गणित करून मी फक्त त्याचं उत्पन्न निम्म्यावर आणलं होतं.

खरी गोम अशी की रेषेला फक्त ओलांडणं कळतं. मधल्या काळात गाडी कुठे हिंडून आली, ते कळत नाही. ते कळायला ट्रॅकभर साक्षीदार हवेत. म्हणून रेषेला ० नंबर दिला आणि पुढे ट्रॅकवर समान अंतरावर १ ते ७ असे आणखी चेकपॉइंट ठेवले. गाडीने पुढचा कोणता नंबर गाठायचा ते `next` मध्ये ठेवायचं. सुरुवातीला ते ०, कारण गाडी रेषेच्या मागे उभी असते. `index` म्हणजे गाडी आत्ता ज्यात शिरली तो नंबर, आणि `total` म्हणजे एकूण आठ.

```
if (index != next) return;
if (index == 0) lap++;
next = (next + 1) % total;
```

शर्यत सुरू झाली, गाडीने ० ओलांडला: पहिली फेरी चालू, `next` झाला १. आता भाचेबुवा रेषेवर हवं तितकं मागेपुढे करोत. दर वेळी ० येतो, हवा असतो १, पहिल्याच ओळीत अर्ज फेटाळला जातो. सात ओलांडल्यावरच पुन्हा ० चालतो. वर एक फायदा फुकटात: माझ्या गाडीच्या सांगाड्याला आणि चारही चाकांना वेगवेगळे कोलायडर, म्हणजे स्पर्श ओळखणारे अदृश्य आकार, आहेत, त्यामुळे एकदा ओलांडलं तरी ट्रिगर पाचदा वाजू शकतो. आता पहिलाच मोजला जातो.

"आठ कशाला? रेषा आणि समोरच्या टोकाला एक, दोन पुरेत," असं एका अनुभवी मित्राने सांगितलं होतं. दोनांत मात्र क्रम सुलट-उलट सारखाच. अर्ध्यापर्यंत जा, तिथूनच रिव्हर्स घेत परत या, ०-१-०, फेरी पूर्ण! आठांतही सातपर्यंत जाऊन मागे फिरलं तर ० मंजूर होतो, पण तोवर सात भाग सरळ आणि सात भाग उलटे तुडवावे लागतात, नाकासमोर उरलेला एक भाग सोडून. सगळा ट्रॅक उलटाच फिरलं तर पुढचा नंबर मिळवायला दर वेळी सात भाग लागतात, आठ नंबरांना छप्पन्न. म्हणजे एका फेरीसाठी सात उलट्या प्रदक्षिणा. एवढी चिकाटी असणाऱ्याला मी फेरी आनंदाने देईन.

मग उलटी तक्रार आली. भाचा पहिल्यांदाच प्रामाणिकपणे पूर्ण ट्रॅक फिरला आणि फेरी मोजली गेलीच नाही. त्याचा चेहरा पाहून मला सरकारी कचेरीतला कारकून झाल्यासारखं वाटलं. `next` चा आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात छापला, तर तो ५ वर अडकलेला. पाचवा चेकपॉइंट मी फक्त डांबराच्या रुंदीचा ठेवला होता आणि हा त्या वळणावर नेहमीप्रमाणे गवतातून गेला होता. खोके या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रुंद केले, आणि नुकताच मंजूर झालेला सोडून दुसरा चुकीचा नंबर लागला तर शेवटच्या मंजूर चेकपॉइंटवर परत नेणारं बटण दाखवायला लागलो.

आता तो पूर्ण ट्रॅक फिरतो. बोगदा त्याला फार अंधारा वाटतो आणि झाडं "सगळी एकसारखीच" आहेत, असं त्याचं मत पडलं.