घंटा कामाप्रमाणे लावावी

‘२५ मिनिटांची घंटा वाजली की हातातलं काम तिथंच थांबवा, नाहीतर पोमोडोरो मोडला.’

पोमोडोरो म्हणजे २५ मिनिटांची घंटा लावून काम करायचं आणि मग थोडी विश्रांती घ्यायची, अशी पद्धत. तिचा हा नियम मला अजिबात पटला नाही. मी भाषांतराचं काम करते. अवघड मजकुरात पहिली दहा-बारा मिनिटं मागचा संदर्भ वाचण्यात आणि शब्द जुळवण्यातच जातात. जरा लय लागते तोवर घंटा! परत येऊन बसलं की तोच संदर्भ पुन्हा वाचायचा. म्हणून पहिल्या खर्ड्याला मी ५० मिनिटं लावते आणि मग १० मिनिटं खरोखर उठते. घंटा वाजली तरी हातातलं वाक्य पुरं करते, पुढच्या वाक्यासाठी सुचलेला शब्द खाली टिपून ठेवते. परतल्यावर त्या एका शब्दावरून धागा लगेच सापडतो.

मुद्रितशोधनाला मात्र २५ मिनिटंसुद्धा मला जास्त होतात. विसाव्या मिनिटाच्या आसपास डोळे ओळीवरून नुसते घसरू लागतात, एकच ओळ दोनदा वाचली जाते आणि ‘आणी’ समोर असूनही दिसत नाही. तिथं १५ मिनिटं काम, ३ मिनिटं विश्रांती. ही विश्रांती मात्र मी कधीच गाळत नाही. गाळली त्या दिवशी शेवटची पानं दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावी लागली आहेत.