काकांना काहीही झालेलं नाही

नववीच्या वैचारिक निबंधाचा कच्चा खर्डा तपासायला बसताना दोन गोष्टी बाजूला ठेवाव्या लागतात, एक लाल पेन आणि दुसरं स्वतःचं मत. पेन ठेवता येतं. पण विषय ‘शहरात हेल्मेटसक्ती असावी का?’ हा असला आणि तपासणारा कोल्हापुरात राहत असला, तर मत काही गप्प बसत नाही. पापाच्या तिकटीवर उभा असलेला कुणीही माणूस हेल्मेटवर अर्धा तास सहज बोलतो, आणि त्याच्या बोलण्यातली सगळी कारणं दुसऱ्या दिवशी वहीत उतरलेली असतात. फक्त ‘मर्दा’ तेवढं गाळलेलं असतं.

दरवर्षी थोड्याफार फरकानं समोर येणारा परिच्छेद असा:

‘हेल्मेटसक्ती हा कोल्हापूरकरांवर अन्याय आहे. शहरात वाहनांचा वेग कमी असतो, म्हणून हेल्मेटची गरज नाही. माझे काका 25 वर्षे हेल्मेटशिवाय गाडी चालवतात, त्यांना काहीही झालेले नाही. हेल्मेटने मान दुखते व मागचा हॉर्न ऐकू येत नाही, हे संशोधनातून सिद्ध झाले आहे. रस्त्यांवर खड्डे आहेत. आधी खड्डे बुजवा, मग हेल्मेटचे बोला. सक्तीची बाजू घेणारे लोक हेल्मेट कंपन्यांचे एजंट आहेत. म्हणून हेल्मेटसक्ती कायमची रद्द केलीच पाहिजे.’

अक्षर वळणदार, ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी. वाचताना मान आपोआप डोलते, आणि पंचाईत इथंच होते. ठसक्यात लिहिलेलं वाक्य पुढच्या वाक्याला ढकलत नेतं आणि दोघांच्या मधली फट दिसत नाही. म्हणून मी हा परिच्छेद शेवटाकडून वाचतो. आधी निष्कर्ष शोधायचा आणि कोऱ्या कागदावर एकटाच उतरवायचा: ‘हेल्मेटसक्ती कायमची रद्द करावी.’ मग एकेक कारण उचलून त्याच्या आधी ठेवायचं, मध्ये ‘म्हणून’ घालायचं आणि मोठ्यानं वाचायचं. ‘माझ्या काकांना काहीही झालेलं नाही, म्हणून हेल्मेटसक्ती कायमची रद्द करावी.’ हे ऐकून लिहिणारा स्वतःच फिस्सकन हसतो. आपण काही बोलायच्या आत निम्मं काम झालेलं असतं.

उरलेलं निम्मं अवघड. परिच्छेदात दोन वेगळ्या जातीचे दोष असतात आणि दोन्हींवर एकच शेरा मारला तर पोरगं नको त्या जागी मलम लावतं. काही विधानं नुसतीच ठोकून दिलेली असतात. कदाचित ती खरीही असतील, पण आधार दिलेला नसतो. आधार आणला की ती उभी राहतात, नाही सापडला तर कापायची. दुसरीकडे काही विधानं शंभर टक्के खरी असतात, पण त्यांतून निष्कर्ष निघत नाही. तिथं कितीही पुरावे आणले तरी फट बुजत नाही.

काका या दुसऱ्या जातीतले. समासात ‘पुरावा?’ एवढंच लिहिलं, तर पुढच्या खर्ड्यासोबत काकांच्या लायसन्सची झेरॉक्स येते. ती अस्सल असते, काका 25 वर्षं गाडी चालवतात हेही खरं असतं. वांधा वेगळाच आहे. काकांना काही झालं नाही म्हणूनच ते वहीत आले. ज्यांना झालं, ते ‘मला काहीही झालेलं नाही’ असं सांगायला पुतण्याच्या वहीत येऊ शकत नाहीत. वाचलेल्यांचीच साक्ष काढली, तर धोका नेहमी शून्यच निघणार. तेव्हा समासात प्रश्न हवा तो असा: ‘हेल्मेट नसलेल्या आणि इजा झालेल्या माणसांची मोजदाद तुझ्याकडे आहे का?’ काकांबद्दल एक अक्षर काढायचं नाही. पालकसभेला तेच येतात.

‘शहरात वेग कमी’ हे कारण मात्र वरवर फार शहाणं दिसतं, त्यामुळे त्यावर जरा जास्त वेळ घालवावा लागतो. इथं न लिहिलेलं एक वाक्य मध्येच लपून बसलंय. ते बाहेर काढायला पोरालाच विचारायचं: ‘वेग कमी असतो’पासून ‘हेल्मेट नको’पर्यंत यायला आणखी काय खरं असावं लागेल? थोडं डोकं खाजवल्यावर ते सांगतं, ‘कमी वेगात डोक्याला मार लागत नाही, सर.’ मग ते वाक्य कंसात का होईना, लिहायला लावायचं. कागदावर आलं की ते तपासता येतं.

ते तपासायला नववीचं विज्ञानाचं पुस्तक पुरतं. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं रस्त्यापासून साधारण दीड मीटर उंचीवर असतं. दसरा चौकात सिग्नलला गाडी थांबलेली आहे, वेग शून्य, आणि माणूस आडवा झाला, तर v² = 2gh या सूत्रानं डोकं जमिनीला टेकतानाचा वेग निघतो. 2 गुणिले 9.8 गुणिले 1.5 म्हणजे 29.4. त्याचं वर्गमूळ सुमारे 5.4 मीटर प्रतिसेकंद, म्हणजे तासाला साडेएकोणीस किलोमीटर. प्रत्यक्षात माणूस हात टेकतो, खांदा आधी आपटतो, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. पण लपलेलं वाक्य आपोआप खरं मानता येत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. ‘गाडीचा वेग’ आणि ‘डोक्याचा वेग’ या दोन गोष्टी पोरानं एकच धरल्या होत्या. या हिशेबानं सक्ती योग्य ठरते का? नाही. फक्त हे एक कारण लंगडं पडतं. हे पोराला सांगावं लागतं, नाहीतर पुढच्या खर्ड्यात ते थेट विरुद्ध पार्टीत जाऊन बसतं.

‘संशोधनातून सिद्ध’ हा पहिल्या जातीचा दोष, आणि इथं ‘पुरावा?’ हा शेरा शोभतो. पण त्याआधी वाक्य फोडायला हवं. मान दुखणं आणि हॉर्न ऐकू न येणं हे दोन दावे आहेत आणि दोघांना मिळून एकच ‘सिद्ध’ जोडलेलं आहे. एकाचा पुरावा मिळाला की दुसरा फुकटात पार होतो. शिवाय ‘संशोधन’ म्हटलं की कुणी केलं, कधी केलं आणि नेमकं काय मोजलं, या तिन्हींची उत्तरं लागतात. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा हेल्मेटवरचा 2008 सालचा आढावा प्रसिद्ध आहे. त्यात 61 अभ्यास एकत्र तपासले होते. अपघातात सापडलेल्या दुचाकीस्वारांमध्ये हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. मानेच्या इजेबद्दल मात्र ठाम काही सांगण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे ‘सिद्ध झाले’ हे दोन्ही बाजूंनी चालणार नाही. रोज हेल्मेट घालून मान दुखते का, हा तर अजून वेगळा प्रश्न. अपघातातली इजा आणि रोजचं दुखणं यांत पोरं हटकून गल्लत करतात.

हे आकडे हाती आले की सक्तीच्या बाजूनं लिहिणारी मुलगी खूष होते. तिचा निबंध माझ्या मताशी जुळतो, म्हणून तो मी जास्त वाईट तपासतो. नावडत्या मतातली फट लगेच दिसते, आवडत्या मतातली डोळ्यांआड होते. तिनं लिहिलेलं असतं: ‘हेल्मेटने मृत्यूचा धोका 42 टक्क्यांनी घटतो, म्हणून सक्ती हवीच.’ इथंही मधलं वाक्य गायब आहे. आकडा हेल्मेटच्या उपयोगाचा आहे, सक्तीच्या उपयोगाचा नाही. सक्ती केली की लोक खरंच हेल्मेट घालतात, हँडलला अडकवून पोलीस दिसला की डोक्यावर चढवत नाहीत, हे वेगळं दाखवावं लागेल. आणि 42 टक्के कशाचे? अपघातात सापडलेल्यांतले. सगळ्या दुचाकीस्वारांवर तो आकडा पसरवला की आधार असलेलं विधानसुद्धा निराधार होतं.

खड्ड्यांचं कारण सगळ्यांत लाडकं, त्याला वर्गात टाळ्या पडतात. ‘आधी खड्डे बुजवा, मग हेल्मेटचे बोला.’ जणू महापालिकेच्या तिजोरीत दोघांपैकी एकालाच जागा आहे. हेल्मेट ज्यानं त्यानं विकत घ्यायचं, खड्डा महापालिकेनं भरायचा. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, तरी एकाला दुसऱ्याच्या रांगेत उभं केलंय. गंमत पुढंच आहे. खड्डे आहेत म्हणजे पडायची शक्यता जास्त, आणि पडायची शक्यता जास्त म्हणजे हेल्मेटची गरज जास्त. निबंधातला सगळ्यांत भक्कम पुरावा प्रतिपक्षाच्या घरचा निघाला! हे ओळखायचं असेल, तर पुरावा तोच ठेवून निष्कर्ष उलटा लिहून बघायचा. ‘रस्त्यांवर खड्डे आहेत, म्हणून हेल्मेट घालावं’ हे वाक्य मूळ वाक्यापेक्षा जास्त नीट बसतं, तेव्हा समजायचं की गडबड आहे.

एजंटचं वाक्य एका ओळीत संपतं. समजा सगळे एजंट आहेत, तरी त्यांचं म्हणणं चूक ठरत नाही. खोडायला सांगायचं. पोरं हे वाक्य खोडताना फार हळहळतात.

राहिला निष्कर्ष. तो परिच्छेदभर वाढत गेलाय. सुरुवातीला ‘हेल्मेटची गरज नाही’, मग ‘सक्ती रद्द’, शेवटी ‘कायमची’. गरज नसणं आणि सक्ती नसणं यांत अंतर आहे, आणि ‘कायमची’ला तर आख्ख्या परिच्छेदात एकही कारण नाही. रद्द कोण करणार हाही प्रश्न आहेच. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 129 सार्वजनिक ठिकाणी दुचाकीवर बसणाऱ्यांना हेल्मेट बंधनकारक करतं. पगडी घालणाऱ्या शीख व्यक्तींना त्यात सूट आहे, शहराच्या हद्दीला म्हणून नाही. ‘हायवेलाच लागू आहे, सर’ असं पोरगं छातीठोकपणे सांगतं. ते कुठं वाचलं असं विचारलं, तर उत्तर येतं, ‘सगळ्यांना माहीत आहे.’

इतकं सगळं सापडलं तरी सगळं समासात लिहायचं नसतं. मी तीनच प्रश्न लिहितो. एक लपलेल्या वाक्याचा, एक आधाराचा आणि एक निष्कर्षाच्या आकाराचा. सात शेरे मारले तर पोरगं सातही वाक्यं गाळून ‘हेल्मेटचे फायदे व तोटे’ असा गुळमुळीत निबंध आणून देतं, आणि मत मांडायचं सोडूनच देतं. तीन प्रश्नांवर मात्र झुंजतं. दुसऱ्या खर्ड्यात निष्कर्ष चांगलाच आखडलेला असतो: ‘शहरात दंड सुरू करण्याआधी लोकांना ठरावीक मुदत द्यावी.’ याची बाजू मांडता येते. ‘वेग कमी’ गेलेलं असतं, खड्डे गेलेले असतात, एजंट गेलेले असतात. काकाही गेलेले असतात. त्यांच्या जागी लिहिलेलं असतं, ‘अनेक तज्ज्ञांच्या मते शहरात गाडी चालवणे सुरक्षित आहे.’

समासात विचारलं, कोणते तज्ज्ञ? पोरगं म्हणालं, ‘काकाच की सर, 25 वर्षं झाली त्यांना.’